लॅपटॉपची डिस्प्ले केबल निवडताना: पिनसंख्या, कनेक्टर, ईडीपी आणि एलव्हीडीएस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. डिस्प्ले केबल म्हणजे नेमकी कोणती? बिघाड तिच्यातच आहे, स्क्रीनमध्ये नाही, हे कसे ओळखावे?

मदरबोर्डपासून निघून बिजागरीतून वर जाणारी आणि स्क्रीनच्या पॅनेलला मागून जोडलेली बारीक तारांची जुडी म्हणजे डिस्प्ले केबल. चित्राचे सिग्नल, पॅनेलचा वीजपुरवठा आणि बॅकलाइटचा वीजपुरवठा या तिन्ही गोष्टी तिच्यातूनच जातात. झाकण उघडताना आणि मिटताना ती बिजागरीपाशी वाकते, त्यामुळे तिच्या तारा बहुतेक वेळा तिथेच तुटतात. झाकणाचा कोन बदलला की चित्र लुकलुकत असेल, नाहीसे होत असेल किंवा रंग बदलत असतील, तर पहिला संशय केबलवर घ्यावा.

खरेदीपूर्वी दोन चाचण्या अवश्य कराव्यात. लॅपटॉप एचडीएमआयने बाहेरच्या मॉनिटरला जोडावा. तिथेही चित्र बिघडलेलेच दिसले, तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे आणि केबल बदलून काही साधणार नाही. डेलच्या लॅपटॉपमध्ये दुसरी एक सोय आहे. लॅपटॉप बंद असताना D ही कळ दाबून धरून पॉवरचे बटण दाबले, की स्क्रीन एकामागून एक रंग पूर्ण पडद्यावर दाखवते. त्या शुद्ध रंगांवरही उभ्या रेषा दिसत असतील, तर केबलपेक्षा पॅनेल सदोष असण्याची शक्यता अधिक असते.

२. एलव्हीडीएस आणि ईडीपी यांत फरक काय? दोन्ही केबली तर सारख्याच दिसतात.

दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतून जाणारे सिग्नल पूर्णपणे वेगळे असतात. एलव्हीडीएस ही जुनी पद्धत. तिच्यात रंगांची माहिती ठरावीक जोड-तारांवर वाटून दिलेली असते आणि घड्याळाच्या सिग्नलसाठी स्वतंत्र जोडी असते. ईडीपी ही डिस्प्लेपोर्टची लॅपटॉपच्या आतली आवृत्ती आहे. तिच्यात माहितीचे पुडके करून ते ‘लेन’ म्हणवल्या जाणाऱ्या एक, दोन किंवा चार वेगवान जोड्यांवरून पाठवले जातात, आणि पॅनेल व ग्राफिक्स यांची आपसांतली बोलणी ‘ऑक्स’ नावाच्या वेगळ्या जोडीवर चालतात.

हा फरक बिघाडाच्या लक्षणांतही दिसतो, आणि केबल मागवण्यापूर्वी अंदाज बांधायला त्याचा फार उपयोग होतो. नेहमीच्या अठरा बिटांच्या एलव्हीडीएस पॅनेलमध्ये पहिली जोडी मुख्यतः लाल रंग वाहते, दुसरी मुख्यतः हिरवा, आणि तिसरी निळ्याबरोबर चित्राच्या समन्वयाचे सिग्नलही वाहते. म्हणून पहिली किंवा दुसरी जोडी तुटली की चित्र दिसते, पण त्याचे रंग बिघडतात. तिसरी तुटली की बहुधा चित्रच टिकत नाही. ईडीपीत असा रंगदोष सहसा दिसत नाही. तिथे लेन तुटली की जोडणीच प्रस्थापित होत नाही आणि स्क्रीन काळी राहते किंवा येत-जात राहते.

३. लॅपटॉप न उघडता प्रकार कळू शकतो का?

अंदाज येतो, खात्री पटत नाही. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, पुढील आज्ञा द्यावी:

```
ls /sys/class/drm
```

यादीत `card0-LVDS-1` असे नाव दिसले, तर केबल एलव्हीडीएस असल्याचे बऱ्यापैकी निश्चित मानता येते. `card0-eDP-1` दिसले, तर ती बहुधा ईडीपी असते. मात्र याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो प्रश्न ११ मध्ये दिला आहे. स्क्रीन काळी असली तरी बाहेरचा मॉनिटर जोडून ही आज्ञा देता येते.

लॅपटॉपचे वय हाही एक दुवा आहे. एलव्हीडीएसचा आधार २०१३ पर्यंत थांबवण्याचे इंटेल, एएमडी आणि इतर काही कंपन्यांनी २०१० च्या अखेरीस जाहीर केले होते. त्याप्रमाणे २०१२ चा लेनोवो थिंकपॅड टी४३० एलव्हीडीएसवर चालतो, तर त्याच्यानंतरचा टी४४० ईडीपीवर. परंतु २०१३ ते २०१५ या संक्रमणाच्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून त्या काळातले यंत्र असेल तर वयावर विसंबू नये.

४. पॅनेलच्या मागच्या नंबरावरून प्रकार कसा वाचायचा?

हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. स्क्रीनभोवतीची चौकट, म्हणजे बेझल, काढून पॅनेल पुढे झुकवले, की त्याच्या पाठीवर लेबल दिसते. लॅपटॉपच्या मॉडेलचा नंबर आणि पॅनेलचा नंबर या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हवा तो पॅनेलचा, आणि तोही शेवटच्या अक्षरापर्यंत.

काही उत्पादकांच्या नंबरांतच उत्तर असते. इनोलक्सच्या (पूर्वीच्या चिमेईच्या) `N156BGE-L21` मध्ये रेघेनंतरचा `L` एलव्हीडीएस दाखवतो, आणि `N156BGE-E31` मधला `E` ईडीपी. एलजीच्या `LP156WH4-TLN1` मध्ये रेघेनंतरचे दुसरे अक्षर `L` आहे, म्हणजे एलव्हीडीएस. `LP156WF6-SPB1` मध्ये तेच अक्षर `P` आहे, म्हणजे ईडीपी. बीओईच्या नंबरांत अशी अक्षरे नसतात आणि घोळ तिथेच होतो. `NT156WHM-N10` हे ४० पिनांचे एलव्हीडीएस पॅनेल आहे, तर `NT156WHM-N12` हे ३० पिनांचे ईडीपी. दुकानात फक्त “एनटी वन फिफ्टी सिक्स” एवढेच सांगितले, तर हाती चुकीची वस्तू येण्याची शक्यता बरीच मोठी. म्हणून लेबलाचा फोटोच दाखवावा.

५. “३० पिन म्हणजे ईडीपी आणि ४० पिन म्हणजे एलव्हीडीएस” असे सांगतात. ते बरोबर आहे का?

बहुसंख्य वेळा बरोबर ठरते, आणि म्हणूनच धोक्याचे आहे. २००९ नंतरच्या एलईडी पॅनेलांत एलव्हीडीएससाठी ४० पिना आणि साध्या ईडीपीसाठी ३० पिना रूढ झाल्या, त्यामुळे लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात “पेपर थर्टी पिन” किंवा “नॉर्मल फोर्टी पिन” एवढ्यावर व्यवहार होतो. इथे ‘पेपर’ म्हणजे पातळ बांधणीचे पॅनेल. त्या शब्दाचा सिग्नलच्या प्रकाराशी काही संबंध नाही. पातळ, तरीही ४० पिनांची एलव्हीडीएस पॅनेले भरपूर आहेत.

नियम तीन ठिकाणी मोडतो. ईडीपीचीही ४० पिनांची आवृत्ती आहे: चार लेनांच्या पॅनेलांत (प्रश्न ९) आणि काही टच पॅनेलांत (प्रश्न १०). दुसरे असे, की एलईडीपूर्वीच्या सीसीएफएल नळीच्या स्क्रीनना ३० पिनांचीच एलव्हीडीएस केबल असे. त्यांत बॅकलाइटची वीज वेगळ्या इन्व्हर्टरमधून जात असे. आणि तिसरे, ४० पिनांच्या दोन ईडीपी केबली एकमेकींच्या जागी बसतीलच असे नाही, कारण पिनांमधले अंतर वेगळे असू शकते. याची मोजणी पुढच्या प्रश्नात आहे.

६. पिना इतक्या बारीक असतात, त्या मोजायच्या कशा? आणि ‘पिच’ म्हणजे काय?

लगतच्या दोन पिनांच्या मध्यांमधले अंतर म्हणजे पिच. पिना एकेक करून मोजण्यापेक्षा पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंतची लांबी व्हर्नियर कॅलिपरने किंवा चांगल्या पट्टीने मोजणे सोपे असते, कारण पिनांमधल्या फटी पिनांच्या संख्येपेक्षा एकने कमी असतात आणि त्यावरून हिशेब जमतो.

०.५ मिलिमीटर पिचच्या ३० पिनांसाठी ही लांबी १४.५ मिलिमीटर भरते आणि त्याच पिचच्या ४० पिनांसाठी १९.५ मिलिमीटर. ०.४ मिलिमीटर पिचच्या ४० पिना मात्र १५.६ मिलिमीटरमध्येच मावतात. म्हणजे असा ४० पिनांचा कनेक्टर ३० पिनांच्या कनेक्टरपेक्षा जेमतेम एका मिलिमीटरने लांब असतो आणि नजरेने पाहणारा त्याला सहज ३० पिनांचा समजतो. याउलट जुन्या सीसीएफएल स्क्रीनच्या १ मिलिमीटर पिचच्या ३० पिना २९ मिलिमीटर जागा घेतात. तो कनेक्टर पाहताक्षणी वेगळा ओळखू येतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहिला, तर संख्येचीही खात्री होते. मोजताना बाहेरचे धातूचे आवरण धरू नये. त्यामुळे काही मिलिमीटर वाढतात आणि निष्कर्ष चुकतो.

७. पॅनेलकडचे टोक तंतोतंत जुळते. मग कोणतीही ३० पिनांची ईडीपी केबल चालेल ना?

नाही. पॅनेलकडचे टोक प्रमाणित असते, पण मदरबोर्डकडचे टोक त्या त्या बोर्डाच्या आखणीप्रमाणे ठरते. तिथे बहुधा त्याच केबलमध्ये वेबकॅम आणि मायक्रोफोनच्या तारा मिळालेल्या असतात, काही वेळा टचच्याही. त्यामुळे एका टोकाला ३० पिना आणि दुसऱ्या टोकाला ४० किंवा ५० पिना असे चित्र सर्रास दिसते. त्याखेरीज लांबी आणि बिजागरीतून वळण्याचा मार्गही जुळावा लागतो. केबल जरा आखूड असेल, तर झाकण उघडताना ताण येऊन नवी केबलही थोड्याच दिवसांत जाते.

म्हणून केबल शोधावी ती केबलवरच्याच नंबराने. जुन्या केबलवर एक छोटे पांढरे लेबल असते. `DC02` ने सुरू होणारा नंबर कॉम्पाल या उत्पादकाचा, `DD0` ने सुरू होणारा क्वांटाचा, आणि `50.4` किंवा `450.` ने सुरू होणारा विस्ट्रॉनचा असतो. लॅपटॉपवर नाव एचपीचे असो वा एसरचे, तो प्रत्यक्ष बांधणाऱ्या कंपनीचा हा नंबर असतो, आणि शोधायला तोच सर्वांत उपयोगी. लेबल फाटले असेल, तर लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये केबलचा सुटा भाग-क्रमांक मिळतो. एकाच मॉडेलच्या टच आणि बिनटच, किंवा वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या आवृत्त्यांना तिथे वेगवेगळे क्रमांक दिलेले असू शकतात. आपल्या आवृत्तीचाच घ्यावा.

८. १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन काढून फुल एचडी बसवायची आहे. केबलही बदलावी लागेल का?

उत्तर केबलमध्ये किती जोड्या प्रत्यक्ष जोडलेल्या आहेत यावर अवलंबून आहे. पिनसंख्या दोन्ही बाबतींत तीच असू शकते.

ईडीपीचा हिशेब असा. १३६६ बाय ७६८ च्या पॅनेलला ६० हर्ट्झवर साधारण ७६ मेगाहर्ट्झ वेगाने पिक्सेल पाठवावे लागतात; प्रत्येकी १८ बिट धरले तर सेकंदाला सुमारे १.४ गिगाबिट होतात. ईडीपीची एक लेन २.७ गिगाबिटच्या गतीने चालते आणि त्यातले २.१६ गिगाबिट चित्रासाठी उपलब्ध असतात, म्हणून एक लेन पुरते. फुल एचडीला सुमारे १३८.५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकी २४ बिट, म्हणजे ३.३ गिगाबिटच्या आसपास लागतात. एका लेनवर ते मावत नाहीत, दोन हव्यात.

३० पिनांच्या ईडीपी कनेक्टरवर दोन लेनांची जागा असतेच. ३ आणि ४ या पिना दुसऱ्या लेनच्या, तर ६ आणि ७ या पहिल्या लेनच्या. पण पैसे वाचवण्यासाठी काही उत्पादक कमी रिझोल्यूशनच्या केबलमध्ये ३ आणि ४ क्रमांकांच्या तारा घालतच नाहीत. केबल हातात घेऊन भिंगाखाली पाहिले, तर त्या दोन पिनांना तार आलेली आहे की त्या रिकाम्या आहेत हे स्पष्ट दिसते. पिन क्रमांक १ कोणत्या बाजूची, हे बहुधा कनेक्टरवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेवरून कळते. थिंकपॅड टी४४०पी मध्ये मूळ केबल ठेवूनच फुल एचडी पॅनेल बसवता येते, आणि अनेकांनी ते केले आहे. ज्या लॅपटॉपच्या केबलमध्ये दुसरी लेन नाही, तिथे फुल एचडी आवृत्तीची केबल घ्यावी लागते. आणि मदरबोर्डवरही ती लेन जोडलेली असायला हवी.

एलव्हीडीएसमध्ये हीच गोष्ट ‘सिंगल चॅनल’ आणि ‘ड्युअल चॅनल’ या नावांनी येते. १३६६ बाय ७६८ ला एक चॅनल पुरतो, १६०० बाय ९०० आणि १९२० बाय १०८० ला दोन लागतात, आणि कनेक्टर मात्र ४० पिनांचाच राहतो. सिंगल चॅनलची केबल ड्युअल चॅनलच्या पॅनेलला लावली, तर एकाआड एक उभे स्तंभ चुकलेले, पट्ट्यापट्ट्यांचे चित्र दिसते. ते पाहून पॅनेल सदोष समजून परत पाठवणारे बरेच असतात.

९. १४४ हर्ट्झच्या किंवा ४के स्क्रीनसाठी कोणती केबल?

बहुधा ४० पिनांची, चार लेनांची ईडीपी. ४के चित्राला ६० हर्ट्झवर सुमारे १२.८ गिगाबिट लागतात, ते दोन लेनांवर जुन्या गतीने जाणे शक्यच नाही. अशा पॅनेलांत ०.४ मिलिमीटर पिचचे कनेक्टर पुष्कळदा आढळतात, म्हणून प्रश्न ६ मधली मोजणी इथे टाळू नये. एकाच गेमिंग लॅपटॉपच्या ६० आणि १४४ हर्ट्झच्या आवृत्त्यांत केबली वेगळ्या असणे अगदी नेहमीचे आहे.

१०. माझ्या टच स्क्रीनला एकच केबल आहे, मित्राच्या टच स्क्रीनला दोन. असे का?

काही पॅनेलांत टचची जाळी पॅनेलमध्येच असते आणि तिच्या तारा चित्राच्याच कनेक्टरमधून जातात. त्यासाठी ४० पिनांचा ईडीपी कनेक्टर वापरतात. इतर ठिकाणी टच काच वेगळी असते, तिची केबलही वेगळी असते आणि पॅनेलला साधा ३० पिनांचा कनेक्टर असतो. म्हणून “टच आहे” एवढ्या माहितीवरून पिनसंख्या ठरवू नये.

११. माझा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे आणि लिनक्सही `eDP-1` दाखवतो. तरी केबल ४० पिनांची एलव्हीडीएस निघाली. हे कसे?

त्या मदरबोर्डवर ईडीपीचे एलव्हीडीएसमध्ये रूपांतर करणारी चिप आहे. संक्रमणाच्या काळात एलव्हीडीएस पॅनेले स्वस्त आणि मुबलक होती, त्यामुळे काही उत्पादकांनी नव्या प्रोसेसरबरोबर अशी चिप बसवून तीच पॅनेले वापरली; एनएक्सपीची `PTN3460` ही त्यांपैकी एक. प्रोसेसरला पलीकडे ईडीपी पॅनेल आहे असेच वाटते आणि लिनक्सही तेच सांगतो. प्रत्यक्ष केबलमधून मात्र एलव्हीडीएस जातो. म्हणूनच प्रश्न ३ च्या उत्तरात खात्रीऐवजी अंदाज म्हटले आहे. पॅनेलचे लेबल आणि आज्ञेचे उत्तर यांत विसंगती आढळली, तर लेबल खरे मानावे.

१२. एलव्हीडीएस लॅपटॉपला ईडीपी पॅनेल जोडण्यासाठी केबलमध्येच अडॅप्टर मिळतो का?

नुसत्या तारा बदलून हे होत नाही. मध्ये रूपांतर करणारी चिप असलेला बोर्ड लागतो, त्याला वीज आणि झाकणात जागा लागते. बिघडलेली केबल बदलण्यासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. मूळ प्रकारचीच केबल आणि मूळ प्रकारचेच पॅनेल घ्यावे.

१३. चुकीच्या प्रकारची केबल लावून पाहिली तर काय बिघडेल?

पॅनेल कायमचे जाऊ शकते. पॅनेलच्या इलेक्ट्रॉनिक्सला ३.३ व्होल्ट लागतात, पण बॅकलाइटच्या पिनांवर बॅटरीचा किंवा अडॅप्टरचा ताण, म्हणजे १९ व्होल्टपर्यंत, येऊ शकतो. ४० पिनांच्या एलव्हीडीएस कनेक्टरमध्ये ही वीज टोकाच्या ३८, ३९ आणि ४० या पिनांवर असते. ४० पिनांच्या ईडीपीची मांडणी तशीच नसते. दोन्ही कनेक्टर ०.५ मिलिमीटर पिचचे असतील, तर ते एकमेकांत बसतात, आणि मग तो ताण अशा पिनांवर जातो ज्यांनी तो सोसणे अपेक्षितच नाही. “बसते आहे, म्हणजे योग्य आहे” हा समज इथे सर्वांत महाग पडतो.

१४. योग्य नंबराची केबल लावली, तरी स्क्रीन काळी आहे. आता काय पाहावे?

अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरका मारावा. अंधुक चित्र दिसत असेल, तर सिग्नल पोहोचत आहे आणि अडचण बॅकलाइटच्या विजेत आहे. काही दिसत नसेल, तर बॅटरी सोडवून दोन्ही टोके पुन्हा बसवावीत. हा कनेक्टर पॅनेलच्या पाठीला समांतर सरकवून आत जातो. वरून दाबला की पिना वाकतात. तो पूर्ण आत गेला, की त्याच्यावरची धातूची कडी सहज पलटते. कडी अडत असेल, तर कनेक्टर तिरका आहे असे समजावे.

तिरका कनेक्टर असताना लॅपटॉप सुरू झाला असेल, तर बॅकलाइटची वीज शेजारच्या पिनेला भिडून मदरबोर्डवरचा लहानसा फ्यूज उडालेला असू शकतो. बोर्डावर डिस्प्ले कनेक्टरच्या आसपास `F` ने सुरू होणाऱ्या खुणेपाशी तो असतो. बॅटरी काढलेली ठेवून मल्टिमीटरने त्याच्या दोन टोकांमधली सलगता तपासावी. सलगता नसेल, तर दुसरी केबल मागवण्याआधी त्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा, आणि बसवण्यापूर्वी कनेक्टरच्या वाकलेल्या पिना भिंगाखाली पाहाव्यात. अन्यथा नवा फ्यूजही पहिल्याच वेळी उडेल.

१५. तुटलेली तार डाग देऊन जोडता येत नाही का?

बॅकलाइटच्या किंवा विजेच्या तारा कुशल कारागीर जोडू शकतो. सिग्नलच्या जोड्यांचे मात्र तसे नाही. त्या आवरणासह अतिबारीक समाक्ष तारा असतात आणि जोडीचा अवरोध सुमारे १०० ओहम राखलेला असतो. सांध्यापाशी तो बिघडला की सिग्नल परावर्तित होतो. एलव्हीडीएसच्या कमी गतीला हे कधीकधी खपते, ईडीपीच्या २.७ गिगाबिटला सहसा खपत नाही. शिवाय सांधा बिजागरीतच येतो, जिथे तार रोज वाकणार असते.